ठरल्यापेक्षा खूपच कमी स्टेज सजावट करणाऱ्या डेकोरेटरकडून काही रक्कम परत मागताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या स्टेजचे काम ठरल्याप्रमाणे झाले नाही, तरी मुहूर्त थांबत नाही आणि कार्य पार पडते. त्यामुळे नंतरचा वाद सहसा 'सगळे पैसे परत द्या' असा नसतो, तर 'जे दिलेच नाही त्याचे पैसे परत द्या' असा असतो. असा दावा उभा राहतो तो मोजमापावर. स्टेज 'फिके दिसले' ही तक्रार डेकोरेटर सहज उडवून लावतो, पण सोळा फळ्यांऐवजी नऊच फळ्या होत्या, याला त्याच्याकडे उत्तर नसते.

खालील उत्तरांसाठी एकच नमुना-उदाहरण घेतले आहे. नाशिकमधील एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी १,८०,००० रुपयांना सजावट ठरवली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कोटेशनमध्ये ३२ × १६ फुटांचे स्टेज, मागे ताज्या फुलांची २४ × १० फुटांची भिंत, मंगल कार्यालयाच्या दारात फुलांची कमान, स्टेजपर्यंतच्या वाटेवर फुलांचे २० स्टँड, तसेच सोफा आणि लाइटिंग असे लिहिलेले होते. प्रत्येक बाबीचा वेगळा दर नव्हता, फक्त एकूण आकडा होता. कुटुंबाने ठरवताना ९०,००० आणि लग्नाच्या सकाळी ७०,००० असे १,६०,००० रुपये दिले, आणि उरलेले २०,००० राखून ठेवले.

प्रत्यक्षात काम कमी झाले, हे कार्य उरकल्यानंतर कशावरून सिद्ध करायचे?

स्टेजचे माप फोटोवरूनही काढता येते. बहुतेक स्टेज लोखंडी घोड्यांवर प्लायवूडच्या फळ्या टाकून उभे राहतात आणि प्लायवूडची नेहमीची शीट ८ × ४ फुटांची असते. ३२ × १६ फुटांच्या स्टेजला अशा १६ फळ्या लागतात. आमच्या उदाहरणात गालिचा अंथरण्यापूर्वीच्या एका फोटोत फळ्यांच्या सांध्यांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या, आणि त्या मोजल्या तेव्हा लांबीत तीन व रुंदीत तीन अशा नऊच फळ्या भरल्या. म्हणजे स्टेज २४ × १२ फुटांचे होते. असा फोटो नसेल, तर ज्याचे माप नंतरही घेता येते अशी एखादी वस्तू चौकटीत शोधावी. कार्यालयाच्या दोन खांबांमधले अंतर, मागच्या भिंतीवरील फरश्या, किंवा तिथेच कायम असलेला सोफा यांपैकी काहीही चालते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन टेपने ते अंतर मोजावे आणि टेप दिसेल असा फोटो काढून ठेवावा. मात्र ती वस्तू आणि स्टेज कॅमेऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असली पाहिजेत, नाहीतर माप फसते.

सर्वांत उपयोगी चित्रण तुमच्या फोनमध्ये नसून छायाचित्रकाराकडे असते. पाहुणे येण्यापूर्वी रिकाम्या स्टेजचे चित्रण करण्याची पद्धत आहे, पण अल्बममध्ये ते फोटो येत नाहीत. म्हणून त्याच्याकडून निवडलेले नव्हे, तर त्या सकाळचे सर्व मूळ फोटो आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागून घ्यावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत वेळेची नोंद सहसा उरत नाही, म्हणून मूळ फाइल आवश्यक असते.

फुले ताजी नव्हती, कृत्रिम होती, हे फोटोवरून सांगता येते का?

बहुतेक वेळा सांगता येते. फोटो मोठा करून पाहिल्यास कृत्रिम गुलाबात एकाच घडणीचे फूल पुन्हा पुन्हा दिसते, पाकळ्यांच्या कडा एकसारख्या असतात आणि पाने एकाच मापाची व एकाच हिरव्या रंगाची असतात. ताज्या शेवंतीत किंवा गुलाबात लहानमोठेपणा असतो, काही कळ्या असतात, आणि दुपारनंतरच्या फोटोत कडा कोमेजलेल्या दिसतात. सकाळी नऊचा आणि संध्याकाळी पाचचा फोटो शेजारी ठेवला आणि फुलांत काहीच फरक नसेल, तर तो मोठाच पुरावा होतो.

याहून बोलका पुरावा स्टेज उतरवतानाचा असतो. ताजी फुले कचऱ्यात जातात, पाण्यात भिजवलेल्या हिरव्या फोमचे ठोकळे आणि देठांचा ढीग मागे राहतो. कृत्रिम फुलांचे तयार पॅनेल मात्र कामगार जपून काढतात आणि पुढच्या कार्यासाठी टेम्पोत भरून नेतात. आमच्या उदाहरणात वधूच्या मामांनी सहज म्हणून टेम्पो भरतानाचा व्हिडिओ काढला होता, आणि पुढे तोच सर्वांत जास्त कामी आला. कार्यालयातील सफाई कर्मचाऱ्याने किती पोती फुलांचा कचरा उचलला, हेही विचारून लिहून ठेवण्यासारखे असते.

कोटेशनमध्ये प्रत्येक बाबीचा दर नाही, एकूण आकडाच आहे. मग किती रक्कम मागायची?

इथेच बहुतेक तक्रारी ढिल्या पडतात. कुटुंब रागाच्या भरात 'निम्मे पैसे परत द्या' असे लिहिते, डेकोरेटर 'निम्मेच का?' असे विचारतो आणि बोलणे तिथेच संपते. एकूण आकड्याचे भाग पाडण्याचा एक सरळ मार्ग आहे. त्याच यादीचे बाबनिहाय कोटेशन दुसऱ्या दोन डेकोरेटरांकडून लेखी घ्यावे. त्यांचा एकूण आकडा तुमच्यापेक्षा जास्त किंवा कमी असला तरी हरकत नाही, कारण आपल्याला त्यांचे दर नको आहेत, प्रत्येक बाबीचे प्रमाण हवे आहे. ते प्रमाण तुमच्या १,८०,००० रुपयांना लावावे, म्हणजे मागणी मूळ सौद्याच्या आत राहते.

उदाहरणात त्या दोन कोटेशनांची सरासरी काढल्यावर फुलांच्या भिंतीचा वाटा ४० टक्के, स्टेजचा २० टक्के, कमानीचा १५ टक्के, वाटेवरील स्टँडचा १० टक्के आणि सोफा व लाइटिंगचा १५ टक्के आला. रुपयांत हे अनुक्रमे ७२,०००, ३६,०००, २७,०००, १८,००० आणि २७,००० होतात.

आता प्रत्येक बाबीतील तूट पाहू. भिंत २४० चौरस फुटांची ठरली होती, म्हणजे चौरस फुटाला ३०० रुपये पडले. प्रत्यक्षात १६ × ८, म्हणजे १२८ चौरस फुटांची भिंत उभी राहिली आणि तिच्यातही ताजी फुले सुमारे ४८ चौरस फुटांतच होती. उरलेल्या ८० चौरस फुटांना शून्य किंमत धरणे बरोबर नाही, कारण कृत्रिम पॅनेललाही भाडे असते. त्याच दोन कोटेशनांनुसार ते ताज्या फुलांच्या एक तृतीयांश, म्हणजे चौरस फुटाला १०० रुपये धरले. म्हणजे मिळालेल्या भिंतीची किंमत १४,४०० अधिक ८,०००, एकूण २२,४०० झाली आणि तूट ४९,६०० रुपयांची निघाली. स्टेज ५१२ ऐवजी २८८ चौरस फुटांचे मिळाले, तिथली तूट १५,७५०. कमान लागलीच नाही, म्हणून पूर्ण २७,०००. वीसपैकी बाराच स्टँड आले, म्हणून ७,२००. सोफा आणि लाइटिंग ठरल्याप्रमाणे होते, तिथे काहीही मागितले नाही.

एकूण तूट ९९,५५० रुपये झाली. त्यातून न दिलेले २०,००० वजा केल्यावर परत मागायची रक्कम ७९,५५० रुपये उरते. आकडा उलट्या बाजूनेही पडताळून पाहावा : मिळालेल्या कामाची किंमत ८०,४५०, दिलेली रक्कम १,६०,०००, फरक तोच. जिथे काम नीट झाले ते मान्य करणे आणि निकृष्ट वस्तूलाही तिची किंमत देणे हा चांगुलपणाचा भाग नव्हे, त्याने बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

आम्ही राखून ठेवलेले २०,००० रुपये द्यावेत की नाही?

वाद मिटेपर्यंत राखून ठेवावेत, पण गप्प राहून नव्हे. 'ही रक्कम अपुऱ्या कामापोटी वळती करून घेत आहोत' असे लेखी कळवावे आणि मागणीत ती वजा केलेली दाखवावी. तसे न केल्यास ग्राहकानेच पैसे थकवले अशी मांडणी डेकोरेटर करतो, आणि ती पहिल्या वाचनात खरीही वाटते.

त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही, उलट रात्री 'छान झाले, धन्यवाद' असा मेसेज पाठवला. आता हक्क गेला का?

हक्क जात नाही, पण काम अवघड होते. आपल्याकडे कार्याच्या दिवशी वाद नको म्हणून घरातले मोठे लोक शब्द गिळतात आणि निरोप देताना चार गोड शब्द बोलतात. डेकोरेटर पुढे नेमका तोच मेसेज दाखवतो. त्याला उत्तर एवढेच की तो मेसेज सौजन्याचा होता आणि त्यात काम पूर्ण झाल्याची कबुली नाही. मात्र नंतरचा लेखी आक्षेप जितक्या लवकर जाईल, तितके हे उत्तर पटते. तीन दिवसांत गेलेले पत्र आणि तीन महिन्यांनी गेलेले पत्र यांत फार अंतर आहे.

ज्यांचे कार्य अजून व्हायचे आहे, त्यांनी घरातील एका माणसाकडे एवढेच काम द्यावे : मुहूर्ताच्या दोन तास आधी कोटेशनची यादी हातात घेऊन स्टेज पाहणे, कमी असेल त्याचा फोटो डेकोरेटरला पाठवणे आणि 'हे ठरल्याप्रमाणे नाही, पूर्ण करा' असे लिहिणे. हे काम यजमानांकडे देऊ नये, त्यांना त्या वेळी पाणी प्यायलाही सवड नसते.

डेकोरेटर म्हणतो की फोटो 'फक्त कल्पनेसाठी' होता. हे बरोबर आहे का?

काही अंशी बरोबर असू शकते. ग्राहक अनेकदा परदेशातील सजावटीचा फोटो पाठवतात, ज्यातली फुले आपल्या बाजारात त्या हंगामात मिळत नाहीत. अशा वेळी फुलांची जात किंवा रंगछटा बदलली, तर ती मोठी तूट मानली जाईलच असे नाही. पण लेखी आलेली मापे, संख्या आणि 'ताजी फुले' हा शब्द यांना हा बचाव लागू होत नाही. म्हणून पत्रात 'फोटोसारखे झाले नाही' हे वाक्य शेवटी ठेवावे आणि मोजता येणाऱ्या गोष्टी आधी लिहाव्यात. 'काका, काळजी करू नका, डिट्टो फोटोसारखं करून देतो' असा मेसेज डेकोरेटरने पाठवला असेल, तर मात्र फोटोचे वजन खूप वाढते.

लग्नसराईत फुलांचे भाव चढले, ही सबबही नेहमी ऐकू येते. दर ठरवून घेतल्यावर भाव चढण्याची जोखीम डेकोरेटरची असते, वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी. याउलट, आदल्या कार्यामुळे कार्यालय उशिरा रिकामे झाले आणि त्याला काम करायला वेळच मिळाला नाही, ही सबब खरी असू शकते. ती आधीच तपासावी. व्यवस्थापकांकडे हॉल ताब्यात दिल्याची वेळ विचारावी. ती खरी निघाली, तर मागणी न लागलेल्या साहित्यापुरती ठेवणे योग्य ठरते.

'अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही' असे पावतीवर छापलेले आहे. मग?

ती अट ग्राहकाने कार्य रद्द केले तर काय, यासाठी असते. काम अर्धवट केल्यावर तिचा आधार घेता येत नाही. 'वाद अमुक शहरातील न्यायालयातच चालेल' ही छापील ओळही ग्राहक आयोगाचा मार्ग बंद करत नाही, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १०० नुसार हा कायदा इतर उपायांच्या जोडीने मिळणारा अधिकचा उपाय आहे.

पक्के बिल घेतलेच नाही, काही रक्कम रोख दिली. तक्रार करता येईल का?

करता येते. कोटेशनचा मेसेज, यूपीआयची नोंद, रोख रक्कम बँकेतून काढल्याची नोंद आणि 'रक्कम मिळाली' असे डेकोरेटरचे उत्तर मिळून व्यवहार सिद्ध होतो. रोख रकमेबद्दल काहीच लेखी नसेल, तर पहिल्या पत्रात 'आपणास अमुक तारखेला रोख अमुक रक्कम दिली' असे स्पष्ट लिहावे. उत्तरात त्याने ती नाकारली नाही, तर तेही उपयोगी पडते. सेवेचे बिल न देणे हीच या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे बिल नाही हा मुद्दा डेकोरेटरने स्वतः काढणे त्याला परवडत नाही. बिल जीएसटीसह घेतले असेल, तर परत मागायच्या रकमेवरील कराचा भागही मागावा.

पहिले पत्र कसे लिहावे?

शांत, लहान आणि आकड्यांचे. उदाहरणातील पत्राचा मुख्य भाग असा होता :

"माननीय महोदय, आमच्या मुलीच्या विवाहासाठी आपण दिलेल्या कोटेशननुसार १,८०,००० रुपयांत सजावट ठरली होती आणि त्यापैकी १,६०,००० रुपये आपणास मिळाले आहेत. प्रत्यक्षात स्टेज ३२ × १६ ऐवजी २४ × १२ फुटांचे होते, ताज्या फुलांच्या २४ × १० फुटांच्या भिंतीऐवजी १६ × ८ फुटांची भिंत होती व तिचा बराचसा भाग कृत्रिम फुलांचा होता, प्रवेशकमान उभारलीच नाही आणि वाटेवर २० ऐवजी १२ स्टँड होते. सोफा व लाइटिंगबाबत आमची तक्रार नाही. तुटीचा हिशेब व फोटो सोबत जोडले आहेत. राखून ठेवलेले २०,००० रुपये वळते करून उरलेले ७९,५५० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत. हिशेबातील एखादी बाब आपणास मान्य नसल्यास ती कोणती व का, हे लेखी कळवावे."

शेवटचे वाक्य मुद्दाम आहे. त्यामुळे डेकोरेटरला सरसकट नकार देण्याऐवजी एकेका बाबीवर बोलावे लागते, आणि तिथूनच तडजोड सुरू होते. पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे व तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवावे. 'पैसे द्या, नाहीतर सगळीकडे बदनामी करू' असे वाक्य कुठेही नसावे, ते पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवले जाते.

तो १५,००० रुपये देऊन विषय मिटवू म्हणतो. घ्यावेत का?

आकडा पटत असेल तर घ्यावेत आणि विषय संपवावा. पटत नसेल, तर 'पूर्ण व अंतिम' असे लिहिलेल्या कागदावर सही करू नये. त्याने विचारल्याशिवाय परस्पर पैसे पाठवले, तर त्याच दिवशी 'ही रक्कम अंशतः म्हणून स्वीकारली, उरलेल्या रकमेचा हक्क राखून आहोत' असे कळवावे.

पोलिसांत तक्रार द्यावी का?

अपुरे काम केले एवढ्यावरून फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसावा लागतो. एकाच मुहूर्तावर अनेकांकडून पैसे घेऊन पसार होणाऱ्याची गोष्ट वेगळी.

पत्राला उत्तर आले नाही. पुढे काय?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ती समेटाचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही, आणि लहान डेकोरेटर तिला प्रतिसाद देतीलच असे नाही. खरा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. करारानुसार पत्करलेल्या कामाच्या दर्जात किंवा पद्धतीत राहिलेली उणीव ही कायद्यात 'सेवेतील त्रुटी' ठरते. डेकोरेटर दुसऱ्या शहरातील असला, तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. पुण्याच्या डेकोरेटरविरुद्ध नाशिकला तक्रार करता येते, ही सोय जुन्या कायद्यात नव्हती. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

तक्रार कोणी करायची, हा घरात हमखास निघणारा प्रश्न आहे, कारण ठरवले वडिलांनी, पैसे पाठवले काकांनी आणि लग्न मुलीचे. ज्यांनी ठरवले त्यांनी करावी आणि काकांनी 'ही रक्कम त्यांच्या वतीने दिली' असे प्रतिज्ञापत्र द्यावे. छायाचित्रकार आणि कार्यालयाचे व्यवस्थापक यांचीही छोटी प्रतिज्ञापत्रे मिळाली, तर घ्यावीत. फोटो व मेसेजसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसारचे प्रमाणपत्र जोडावे, म्हणजे त्यांच्या खरेपणावर निष्कारण वेळ जात नाही.

मानसिक त्रासाबद्दलही रक्कम मागता येते का?

येते, पण ती वेगळ्या ओळीत मागावी आणि माफक ठेवावी. तुटीचा हिशेब पै न् पै सिद्ध होतो, त्रासाचा आकडा आयोगाच्या अंदाजावर असतो. दोन्ही एकत्र करून पाच लाखांची मागणी केली की ७९,५५० रुपयांचा नेटका हिशेब त्यात बुडून जातो. तक्रारीचा खर्च आणि नोटिशीच्या तारखेपासूनचे व्याजही असेच वेगळे मागावे.

निकालाला किती वेळ लागतो, आणि आदेशानंतरही पैसे आले नाहीत तर?

डेकोरेटरला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. प्रयोगशाळेतील तपासणीची गरज नसलेल्या तक्रारी तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात मात्र त्याहून बराच काळ जातो. म्हणूनच, दोन्ही बाजूंची तयारी असेल तेव्हा आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो, ती संधी घालवू नये. अशा वादांत मध्यस्थाच्या समोर बाबनिहाय हिशेब ठेवला की बोलणे लवकर आकड्यावर येते. उदाहरणातील कुटुंबाने आपली खालची मर्यादा आधीच ठरवली होती : कृत्रिम फुलांचा दर थोडा वाढवून देऊ, पण न लागलेल्या कमानीचे २७,००० सोडणार नाही.

आदेशाविरुद्ध राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशा वेळी कलम ७१ नुसार दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुलीचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्यासाठी कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५,००० ते एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हा अर्ज त्याच जिल्हा आयोगात, आदेशाची प्रमाणित प्रत आणि डेकोरेटरचा सध्याचा पत्ता जोडून करायचा असतो. हंगाम संपला की काही डेकोरेटर गोदाम हलवतात, म्हणून पत्ता आधी पडताळून घ्यावा.